अर्ध्या दाढीची फारकत

त्याच्या दुकानात दोरा, सुया, हूक, चेन, अस्तर, इलॅस्टिक, लेस आणि बटणं मिळत. दुकान एवढंसं, की आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली तर तिसऱ्याला पायरीवरूनच बोलावं लागे. भिंतीला वरपासून खालपर्यंत लहान लहान खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी आतल्या मालाचा नमुना लावलेला. डोळे मिटून हात घातला तरी शर्टाचं चार भोकांचं पांढरं बटण कुठे आणि ब्लाउजचा हूक कुठे, हे त्याला कळायचं. शिंपी लोक त्याला बटणभाऊ म्हणत. त्याच्या बायकोला आपोआप बटणवहिनी हे नाव पडलं. तिला ते मुळीच आवडत नसे, पण सगळ्या गल्लीचं तोंड कोण धरणार?

माणूस सरळ होता. सकाळी दुकान उघडलं की फळीवरच्या छोट्या दिव्यापुढे हात जोडायचा आणि मगच गल्ल्याला हात लावायचा. कापड मोजताना हातभर कापडाला वर चार बोटं जास्त सोडायचा. दोष म्हणाल तर एकच, स्वस्तात काही मिळतंय म्हटलं की त्याची अक्कल चप्पल घालून बाहेर पडायची.

अशीच ती एकदा बाहेर पडली. बटणांचा एक कारखाना बंद होत होता आणि मालक उरलेला माल फुंकून टाकत होता. भाऊ बघायला गेला आणि सोनेरी कोटबटणांवर भाळला. पाच पोती. प्रत्येक बटण नाण्याएवढं, वर जहाजाचा नांगर उठवलेला. बाजारभावाच्या पाव किमतीत. भाऊच्या डोळ्यांपुढे तेव्हा काय नाचलं कोण जाणे. त्याच्या गिऱ्हाइकांत एकही नावाडी नव्हता, आणि कोट घालणारं म्हटलं तर एक वकील आणि एक बँडवाला. पण कारखानदाराला रोख पैसे हवे होते आणि तेही संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळपर्यंत रोख पैसे देणारा माणूस त्या बाजारात एकच होता. लोक त्याला रोजवाले काका म्हणत.

काका म्हणजे साखरेचा गोळा. पांढरेशुभ्र कपडे, तोंडात बडीशेप, बोलणं असं की शेजारच्याला वाटावं सख्खा मामा बोलतोय. भाऊने साठ हजार मागितले. काकांनी साठ हजारांच्या कागदावर सही घेतली, दोन कोऱ्या चेकांवर सही घेतली, आणि हातात सत्तावन्न हजार ठेवले.

"काका, तीन कमी आहेत."

"कमी नाहीत बाळा. दहा दिवसांचं व्याज आधीच घेतलं. तेवढीच तुला दहा दिवस काळजी नको." आणि पाठीवरून हात फिरवला. भाऊला तेव्हा ते उपकारच वाटले.

व्याज दिवसाला तीनशे. रोजच्या रोज. रविवारी दुकान बंद असलं तरी व्याज उघडंच. भाऊ तापाने फणफणला तरी व्याज ठणठणीत. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी सहाशे आणि वर पन्नास दंड. आणि सगळ्यात मोठी मेख ही, की हे तीनशे नुसतं व्याज. मुद्दल साठच्या साठ हजार जागच्या जागी. ते फेडायचं तर एकरकमी फेडायचं. थोडं थोडं काका घेत नसत. म्हणत, "सुट्ट्या पैशांनी बरकत जाते रे." कुणाची बरकत, ते सांगत नसत.

सोनेरी बटणं आली. बँडवाल्याने बावीस घेतली. वकिलाने एकही घेतलं नाही. उरलेली पोती माळ्यावर गेली, आणि भाऊ दर दुपारी चारला घामाघूम व्हायला लागला.

कारण चारला वसुलीवाला यायचा. त्याच्या सायकलला घंटी नव्हती, पण चेन अशी करकरायची की गल्लीच्या तोंडाशी आला की भाऊ गल्ला मोजायला लागायचा. एका अर्थी बिचारा गरीब माणूस. पैसे मोजायचा, कार्डावर बरोबरची खूण करायचा, आणि "चला, उद्या" म्हणून जायचा. ते "उद्या" भाऊला फाशीच्या निरोपासारखं वाटे. गल्ल्यात तीनशे नसले की तो काउंटरखाली बसून काहीतरी शोधायला लागे.

"भाऊ आहेत का?" वसुलीवाला विचारी.

"नाहीत," काउंटरखालून भाऊच उत्तर देई. हे एकदा खरंच घडलं. वसुलीवाला म्हणाला, "बरं, आले की सांगा, मी थांबलोय," आणि पायरीवर बसून राहिला.

तीनशे बाजूला काढायचे म्हणून नवीन माल कमी यायला लागला. काळा दोरा आहे तर पांढरा नाही. चेन आहे तर तिचा रनर नाही. शिंपी दुसऱ्या दुकानात जायला लागले. भाऊची झोप उडाली ती उडालीच. अंथरुणावर पडला की साठ हजार छातीवर येऊन बसायचे.

हे सगळं त्याने बायकोपासून लपवलं होतं, म्हणजे लपवलंय असं त्याला वाटत होतं. पण शिंप्यांच्या बायका, शेजारची पिठाची गिरणी आणि समोरचा न्हावी एवढी मंडळी असताना गल्लीत काही लपत नसतं. एक दिवस ती डबा घेऊन आली ती नेमकी चार वाजता. भाऊ काउंटरखाली, आणि वसुलीवाला पायरीवर.

तिने डबा ठेवला. वाकून खाली बघितलं.

"अहो, काय हरवलंय?"

"सुई."

"मिळाली का?"

"नाही."

"मग वर या. हे बाहेर बसलेत त्यांच्याकडे दिसतेय मला ती."

त्या दिवशी भाऊने बायकोला सगळं सांगितलं. ती चिडेल, रडेल, माहेरी जाईन म्हणेल असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "माळ्यावर जे आहे ते उंदीर तरी खातात का?"  मग म्हणाली, "देवाने आपल्याला दोन वेळची भूक दिली आणि ती भागवण्यापुरतं दुकान दिलं. झोपसुद्धा त्यानेच दिली होती. ती तुम्ही गहाण ठेवून आलात. आता सोडवायला बँकेत जाऊ."

"बँकेत?" भाऊच्या तोंडचं पाणी पळालं. "बँक आपल्यासारख्यांना उभं करत नाही. तिथे कागदावर कागद मागतात."

"आणि काकांनी काय मागितलं? दोन कोरे चेक दिलेत त्यांना. बँक निदान भरलेला कागद तरी मागते."

भाऊ आतापर्यंत बँकेत गेला होता तो फाटक्या नोटा बदलायला. खातं होतं, त्यात चारशे बारा होते, आणि ते कित्येक महिने तसेच होते. कर्जाच्या टेबलावर एक मॅनेजरबाई बसल्या होत्या. चष्मा नाकावर, चेहरा असा की हसल्या तर पगार कापतील. त्यांनी दुकानाचा परवाना बघितला, भाड्याची पावती बघितली, विजेचं बिल बघितलं. मग विचारलं, "दुसरीकडे कुठे देणं आहे?"

"नाही," भाऊ म्हणाला.

"आहे," शेजारच्या खुर्चीतून बायको म्हणाली.

मॅनेजरबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. "एकाच घरातले आहात ना?"

मग बायकोने सांगितलं, आणि भाऊ टेबलाच्या कडेची चिकटपट्टी नखाने उचकटत बसला. बाईंनी मध्ये एकदाही च्च् केलं नाही. पुढ्यातल्या यंत्रावर बोटं मारली आणि ते यंत्र भाऊकडे वळवलं.

"अकरा महिने म्हणालात. दिवसाचे तीनशे म्हणजे महिन्याचे नऊ हजार. नव्याण्णव हजार देऊन झाले. घेतले होते सत्तावन्न. आणि अजून देणं किती?"

"साठ," भाऊ म्हणाला. हे सगळं त्याला माहीत होतं, पण आकडा कुणी असा तोंडासमोर धरला नव्हता.

"आता आमचं बघा. साठ हजार, वर्षाला शेकडा बारा, चोवीस महिने. महिन्याचा हप्ता दोन हजार आठशे चोवीस. पहिल्या महिन्यात त्यातले सहाशे व्याज आणि उरलेले मुद्दलातून वजा. पुढच्या महिन्यात व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर, म्हणून ते कमी कमी होत जातं. दोन वर्षांनी संपलं. एकूण व्याज आठ हजारांच्या आत."

"दिवसाला किती पडलं?" भाऊने विचारलं. त्याला आता महिन्याचं गणित उमजेनासं झालं होतं.

"शंभराच्या आत."

"आणि मुद्दल?"

"त्यातच."

"म्हणजे मुद्दल निराळं द्यायचं नाही?"

"नाही हो."

भाऊने बायकोकडे बघितलं. यात काहीतरी मेख असणार असा त्याचा चेहरा.

मेख होतीच. "पण आज देता येणार नाही," मॅनेजरबाई म्हणाल्या. "तुमच्या खात्यात चारशे बारा. यावरून तुमचं दुकान चालतं की बंद पडलंय तेच कळत नाही. तीन महिने रोजची विक्री खात्यात भरा. मग या. एक जामीन लागेल, आणि दुकानातला माल तारण."

"माल तुम्ही घेऊन जाणार?"

"माल तुमच्याच दुकानात राहणार. विका, नवा भरा. कागदावर फक्त आमचा हक्क. आणि मालाचा विमा काढायचा."

बाहेर आल्यावर भाऊ मटकन पायरीवर बसला. "तीन महिने. म्हणजे काकांचे अजून सत्तावीस हजार."

"तीन महिने नाही थांबलो तर जन्मभर थांबू," बायको म्हणाली. "उठा. कपड्यांना धूळ लागतेय आणि साबणाचे पैसे आपल्याकडे नाहीत."

ते तीन महिने बटणवहिनीने बटणासारखे घट्ट लावून धरले. ती घरचं आटपून दुपारी दुकानात यायची, गल्ल्यातलं सगळं मोजायची आणि बँकेच्या खिडकीत भरून यायची. व्याजाचे पैसे लागले तर ते पुन्हा खात्यातून काढायचे, म्हणजे आलं किती, गेलं किती आणि कुठे गेलं, ते बाईंना दिसेल. भाऊला हा वेडेपणा वाटे. "आपलेच पैसे आपणच नेऊन ठेवायचे, आणि आपणच काढायचे. यापेक्षा खिसा काय वाईट?"

"खिसा बोलत नाही. पासबुक बोलतं."

जामीन म्हणून समोरचा न्हावी तयार झाला. त्याचं खातं जुनं आणि चोख होतं. सही करायच्या आधी त्याने पेन हवेत धरून विचारलं, "भाऊ, तू पळून गेलास तर मी काय करायचं? ती सोनेरी बटणं घेऊन बसू?"

"मी कुठे पळणार? पळायला पण भाडं लागतं."

"हे मात्र खरं," म्हणून त्याने सही केली.

मॅनेजरबाई माल बघायला स्वतः आल्या. खण उघडून बघितले, खरेदीची बिलं ताडून बघितली. भाऊने मोठ्या अभिमानाने त्यांना माळ्याकडे बोट दाखवलं. "वर पाच पोती आहेत. सोनेरी."

बाईंनी एक बटण हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "शेवटचं कधी विकलं गेलं?"

भाऊ आठवत राहिला.

"न खपणारा माल धरत नाही आम्ही," म्हणून त्यांनी ते परत दिलं. बायको दाराकडे तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते.

तरी खणांमधला माल पुरला. कर्ज मंजूर झालं. कारण लिहिलं होतं, खासगी कर्ज फेडण्यासाठी. म्हणून बँकेने रोख दिले नाहीत. काकांच्या पूर्ण नावाने साठ हजारांचा ड्राफ्ट काढून दिला. बाईंनी बजावलं, "हा त्यांच्या खात्यातच जमा होईल. देताना पावती घ्या, सहीचा कागद आणि दोन्ही चेक परत घ्या. ते हातात आल्याशिवाय हा सोडू नका."

भाऊ ड्राफ्ट छातीशी धरून काकांकडे निघाला. आयुष्यात पहिल्यांदा तो काकांच्या घराकडे ताठ मानेने चालला होता.

आणि तिथे घोडं अडलं. काका नव्हते.

"बाहेरगावी गेलेत," वसुलीवाल्याने सांगितलं.

"कधी येणार?"

"ते आले की कळेल." आणि हात पुढे केला. "आजचे तीनशे."

दुसऱ्या दिवशी काका देवदर्शनाला गेले होते. तिसऱ्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं होतं. चौथ्या दिवशी ते घरात होते पण झोपले होते, आणि झोपेतच खोकत होते हे भाऊने खिडकीतून ऐकलं. हळूहळू भाऊच्या डोक्यात प्रकाश पडला. काकांना मुद्दल नकोच होतं. महिन्याला नऊ हजारांचं दूध देणारी म्हैस काका कशाला सोडतील? त्यात ड्राफ्ट खात्यात भरायचा म्हणजे बँकेच्या वहीत नाव लागणार, आणि मग कुणी सावकारीचा परवानाही विचारणार. काकांचा आणि बँकेचा तर छत्तिसाचा आकडा.

इतके महिने भाऊ काकांना चुकवत होता, आता काका भाऊला चुकवत होते. गल्लीला मोठीच करमणूक झाली. गिरणीवाला रोज विचारी, "काय भाऊ, सापडलं का गिऱ्हाईक?" तिकडे बँकेचं व्याज पहिल्या दिवसापासून सुरू झालेलं. म्हणजे दिवसाचे बँकेचे वीस आणि काकांचे तीनशे. आगीतून निघालो आणि एक पाय अजून आगीतच, असं भाऊ बायकोला म्हणाला.

"देव बघतोय," ती म्हणाली.

"तो बघतोय गं, पण काका दिसत नाहीयेत ना."

आठवड्याने एका सकाळी समोरून न्हाव्याने शीळ घातली. भाऊ अस्तर फाडत होता. त्याने मान वर केली. न्हावी दारात उभा राहून ब्रशने आतल्या खुर्चीकडे खूण करत होता, आणि मग तोच ब्रश त्याने स्वतःच्या गालावर फिरवून दाखवला. फेस लावलाय, असं.

भाऊने कात्री टाकली, गल्ल्यातून ड्राफ्ट घेतला, लिहून ठेवलेली फारकतीची, म्हणजे कर्ज फिटल्याची, पावती घेतली आणि गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत असताना रस्ता ओलांडला.

खुर्चीत काका होते. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरं कापड, हात त्या कापडाच्या आत. एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर फेसाचा डोंगर. आरशात भाऊ दिसताच ते उठायला गेले.

"हलू नका काका," न्हावी म्हणाला. "नवीन पातं आहे."

काका जागच्या जागी बसले. "अरे वा, बाळा. बरेच दिवसांनी. पोरंबाळं बरी?"

"बरी आहेत. हे तुमचे साठ हजार."

काकांनी आरशातच मागे बाकाकडे बघितलं. बाकावर तीन माणसं पाळीसाठी बसली होती. एक म्हातारा शिंपी, एक भाजीवाला आणि एक सायकल दुरुस्तीवाला. तिघेही काकांचे रोजचे देणेकरी. तिघांनीही हातातले पेपर खाली केले.

"हळू बोल रे," काका पुटपुटले. "हे काय रस्त्यावर बोलायचं? घरी ये संध्याकाळी."

"घरी तुम्ही नसता. असलात तर झोपलेले असता. आणि आज संध्याकाळी पुन्हा आणखी काही निघेल."

"बरं, पण रोख आण. हे कागदबिगद आपल्याला नाही चालत."

"बँकेच्या बाई म्हणाल्या, रोख द्यायचेच नाहीत," भाऊ म्हणाला. आवाज चढला होता. मुद्दाम नव्हे, आठवड्याभराचं साठलेलं होतं म्हणून. "वर्षाला शेकडा बारा लागतात तिथे. दिवसाला शंभराच्या आत, मुद्दल त्यातच."

"मुद्दल कशात?" भाजीवाल्याने विचारलं.

"त्यातच. हप्त्यातच."

"म्हणजे निराळं द्यायचं नाही?"

"नाही ना. मलाही आधी खरं वाटेना."

"कुठली बँक?" सायकलवाला बाकाच्या टोकाला सरकला.

काकांच्या फेसाखालचा गाल लाल झाला असावा, पण दिसण्याची सोय नव्हती. एक बटणवाला सुटला तर तीनशे जाणार होते. पण हा इथे आणखी थोडा वेळ बोलत राहिला तर अख्खा बाक उठून जाणार होता. काकांनी तेवढा हिशेब अर्ध्या दाढीनेच लगेच करून टाकला.

म्हातारा शिंपी हळूच म्हणाला, "काका, तुमच्याकडे सावकारीचा परवाना आहेच की. मग बँकेच्या कागदाला घाबरायचं काय?"

"घाबरतोय कोण?" काका म्हणाले. "दे इकडे."

"आधी माझा सहीचा कागद आणि दोन चेक," भाऊ म्हणाला.

"ते घरी आहेत."

"मग जाऊन या," न्हावी म्हणाला. "पण दुसरा गाल झाल्यावर. आणि आता माझं पातं बोथट झालंय, बदलायला जरा वेळ लागेल."

काकांनी न्हाव्याकडे बघितलं, न्हावी छताकडे बघत होता. अर्धी दाढी ठेवून भर बाजारातून घरी जाणं काकांच्या इभ्रतीला परवडणारं नव्हतं. शेवटी दाराबाहेर सायकल धरून उभ्या असलेल्या वसुलीवाल्याला त्यांनी हाक मारली आणि कपाटाची किल्ली दिली.

वसुलीवाला गेला. फेस वाळला. न्हाव्याने नवा लावला. तोही वाळला. बाकावरचे तिघे तोवर भाऊला जामीन कोण लागतो, कागद कुठले लागतात, किती महिने थांबावं लागतं, सगळं विचारून घेत होते. काकांना हे सगळं कानाने ऐकावं लागत होतं, आणि मान हलवायची सोय नव्हती.

तिसऱ्यांदा फेस लावला तेव्हा सायकलची चेन करकरली. कागद आला, चेक आले. भाऊने सही ताडून बघितली. आपलीच होती. चेक त्याने तिथेच चार चार तुकडे करून खिशात टाकले आणि पावती काकांच्या मांडीवर ठेवली. काकांनी सही केली आणि ड्राफ्ट घेऊन उजेडात धरून बघितला.

"आजचे तीनशे राहिले," ते म्हणाले. जित्याची खोड.

भाऊने तीनशे मोजून दिले. देणं ते देणं.

"आणि हा ड्राफ्ट जमा व्हायला उद्या उजाडेल. म्हणजे उद्याचेही..."

न्हाव्याने पातं काकांच्या गालाला लावलं आणि थांबला. "काय म्हणालात?"

"उद्याचे राहू दे," काका म्हणाले.

भाऊ रस्ता ओलांडून परत आला. बायको बातमी ऐकून दुकानात येऊन उभी होती. तिने त्याच्या हातातला कागद घेतला, पावती घेतली, दोन्ही पुन्हा पुन्हा वाचली आणि पदराने डोळे पुसून म्हणाली, "गळ्यातली पट्टी तरी काढून जायचं ना. लोक काय म्हणाले असतील?"

पण माणसाला सुखाचीही सवय व्हावी लागते. पुढे कितीतरी दिवस चार वाजले की भाऊचा हात आपोआप गल्ल्याकडे जाई. पहिल्या हप्त्याची तारीख आली तेव्हा तर तो सकाळपासून दाराकडे बघत होता. कुणी येईना. साडेतीन झाले तसा तो घाबरला आणि पैसे रुमालात बांधून थेट बँकेत गेला.

"हे घ्या हप्त्याचे," त्याने मॅनेजरबाईंपुढे रुमाल ठेवला.

"हप्ता सकाळीच तुमच्या खात्यातून वळता झाला."

"मला कळलं कसं नाही?"

"कळायला काय ढोल वाजवायचे?" आणि त्यांनी पासबुकात छापून आलेली ओळ दाखवली. तिच्याखाली उरलेलं मुद्दल होतं. साठ हजार नव्हे. भाऊने बोट ठेवून आकडा वाचला, पुन्हा वाचला. साठवरून सत्तावन्नवर आलं होतं. चौदा महिने जो आकडा तसूभर हलला नाही, तो एका सकाळी, कुणी दाराशी न येता, खाली उतरला होता.

"तुमच्याकडून कुणीच येत नाही मग?" त्याने विचारलं.

"हप्ता चुकवलात तर येऊ."

"नको, नको. मीच येत जाईन." आणि बाईंच्या चेहऱ्यावर त्याला पहिल्यांदा हसू दिसलं. पगार काही कापला गेला नाही.

तो रुमालातले पैसे घेऊन घाऊक बाजारात गेला आणि पांढरा दोरा भरून आणला, चेनचे रनर आणले. दुकानात येऊन बायकोला म्हणाला, "जरा बस गल्ल्यावर. पाय दुखतायत. मी माळ्यावर पाठ टेकतो."

माळ्यावर सोनेरी बटणांच्या पोत्यांवर तो आडवा झाला आणि जो झोपला, तो झोपला.

तासाभराने म्हातारा शिंपी पांढरा दोरा घ्यायला आला. दोरा आहे म्हटल्यावर त्याला आनंद झाला. रिळं निवडता निवडता त्याने कान टवकारले. वरून घर्र-घर्र आवाज येत होता, मध्येच अडखळून पुन्हा लागत होता.

"वहिनी, मशीन घेतलं काय नवीन?"

"नाही हो, जुनंच आहे," ती रिळं मोजत म्हणाली. "फार दिवस बंद पडलं होतं. आज देवाच्या कृपेने लागलंय, तर चालू दे. तुम्ही जरा हळू बोला."